‘मेडिकल’चा कागद

आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टर जो दाखला देतात, त्याला सरकारी कार्यालयात कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ‘त्याने मेडिकल टाकलंय’, ‘ती मेडिकलवर आहे’, ‘फिट आणल्याशिवाय रुजू करून घेणार नाही’, एवढ्यावर सगळ्यांना सगळे कळते. या बोलण्यातच एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. ‘मेडिकल’ आणि ‘फिट’ हे दोन वेगळे दाखले आहेत. पहिला सांगतो की माणूस आजारी आहे आणि त्याला इतके दिवस विश्रांती लागेल. दुसरा सांगतो की तो बरा झाला आहे आणि कामावर येऊ शकतो. दोन्हींसाठी दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी व्हावी लागते. अनेक जण एकाच दिवशी, एकाच कागदावर दोन्ही लिहून घेतात आणि घोटाळ्याला सुरुवात होते ती तिथूनच.

दाखल्याचा मजकूर डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेला जोडलेल्या परिशिष्टात त्याचा नमुना आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७२च्या रजा नियमांत तोच मजकूर थोड्या फरकाने ‘नमुना ३’ म्हणून येतो. दोन्हींचा गाभा एका लांबलचक वाक्यात मावतो: काळजीपूर्वक तपासणी केल्यावर मी दाखला देतो की, ज्यांची सही वर आहे त्या अमुक व्यक्तीला अमुक आजार आहे आणि त्यांची प्रकृती पूर्ववत होण्यासाठी अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर गैरहजर राहणे अत्यंत आवश्यक आहे, असे माझे मत आहे.

‘ज्यांची सही वर आहे’ हे शब्द नमुन्यात उगाच आलेले नाहीत. रुग्णाने डॉक्टरांसमोर आधी सही करायची, सही येत नसेल तर अंगठा द्यायचा आणि डॉक्टरांनी त्याखाली लिहायचे, असा क्रम ठरलेला आहे. आचारसंहितेप्रमाणे पत्ता आणि निदान एक ओळखखूणही नोंदवावी लागते, उदाहरणार्थ ‘डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण’. कागदावरचे नाव आणि तपासलेले शरीर एकाच माणसाचे आहे, याची ही गाठ असते. दाखल्याची प्रत डॉक्टरांनी स्वतःजवळ ठेवायची आणि दाखल्यांच्या नोंदवहीत त्याचा तपशील लिहायचा. पुढे आस्थापना शाखेने ‘हा दाखला आपणच दिला का’ असे विचारणारे पत्र पाठवले, तर डॉक्टर ती वही उघडतात. सही, ओळखखूण किंवा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसलेला दाखला खोटाच असतो असे नाही, पण तो खरा असल्याचे सिद्ध करणे जड जाते. व्यवहारात लेटरहेडवर दोन ओळी खरडून शिक्का मारलेले दाखले सर्रास चालतात. कोणी हरकत घेत नाही तोवर ते चालतात, एवढेच.

दाखल्यातली पहिली रिकामी जागा निदानाची. येथे डॉक्टरांची अडचण अशी की, रुग्णाला दाखला पहिल्याच दिवशी हवा असतो आणि पहिल्या दिवशी निदान पक्के नसते. नागपुरातल्या एखाद्या केंद्र सरकारी कार्यालयातला लिपिक उदाहरणादाखल घेऊ. त्याचे कार्यालय आठवड्यातून पाच दिवस चालते. बुधवारी, २ जुलै २०२५ रोजी त्याला ताप भरतो. शुक्रवारपर्यंत तो गोळ्या घेऊन कामावर जातो. शनिवार-रविवार ताप वाढत राहतो आणि सोमवारी, ७ जुलैला तो केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात पोहोचतो. तापाचा सहावा दिवस, जिभेवर पांढरा थर, पोट किंचित फुगलेले. डॉक्टरांना विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा संशय येतो. ते रक्त कल्चरसाठी पाठवतात. पण अहवाल यायला काही दिवस लागणार असतात. विडाल नावाची झटपट चाचणी पहिल्या आठवड्यात भरवशाची नसते. अशा वेळी ‘टायफॉइड’ असे ठाम लिहिणे घाईचे, तर नुसते ‘अशक्तपणा’ लिहिणे निरर्थक. प्रामाणिक दाखल्यात ‘ज्वर, विषमज्वराचा संशय, तपासण्या चालू’ असे लिहिले जाते आणि विश्रांती पाचच दिवसांची, ७ ते ११ जुलैपर्यंतची सुचवली जाते.

शुक्रवारी, ११ जुलैला कल्चरचा अहवाल येतो आणि टायफॉइड नक्की होतो. आता डॉक्टर दुसरा दाखला देतात, मुदतवाढीचा, आणखी १४ दिवसांचा. औषध सुरू झाल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-सहा दिवस घेतो. ताप उतरला म्हणजे आतडे बरे झाले असे नसते. या आजारात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा होतात आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणजे विश्रांतीचा काळ अंदाजाने ठरत नाही, त्यामागे आजाराची चाल असते. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत माणसाला इतरांपासून दूर ठेवावे लागते. मनगटाच्या मोडलेल्या हाडाला साधारण सहा आठवडे प्लास्टर राहते. डोळे आले तर सहसा आठवडाभरात निभावते. आजार आणि दिवस यांचा मेळ बसत नसेल, तर दाखला वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ‘व्हायरल फिव्हर, २१ दिवस’ हा त्यातला नेहमीचा नमुना. ‘कावीळ, ३ दिवस’ हा उलट्या बाजूचा. कावीळ तर स्वतः आजारही नाही, ते लक्षण आहे.

मुदतवाढीचा दाखला कोणत्या तारखेपासून लिहायचा, हा पुढचा प्रश्न. पहिला दाखला शुक्रवारी, ११ तारखेला संपतो. शनिवार-रविवार सुटी आहे म्हणून दुसरा सोमवार १४ पासून लिहावा, असे सहज वाटते. पण मधले दोन दिवस माणूस आजारी होता की बरा, हे मग कुठल्याच कागदावर येत नाही. मुदतवाढ १२ तारखेपासूनच लिहायची. १२ ते २५ जुलै, दोन्ही दिवस धरून १४. आधीचे ५ मिळवले की एकूण १९. दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजण्याची ही पद्धत ध्यानात न ठेवल्यामुळे ‘१२ ते २५, १३ दिवस’ असे दाखले कितीतरी निघतात. तारखा एक सांगतात, आकडा दुसरेच सांगतो आणि आस्थापना लिपिक कागद परत पाठवतो. मग कोणीतरी १३चे १४ करते. खाडाखोडीशेजारी डॉक्टरांची सही नसेल तर प्रकरण आणखी चिघळते.

मागील तारखेचा प्रश्न याहून अवघड आहे. आपला लिपिक ७ तारखेऐवजी १० तारखेला दवाखान्यात गेला असता, तर डॉक्टरांनी ‘७ पासून आजारी’ असे लिहावे का? दाखल्याची तारीख ही तपासणीची तारीख असते, ती मागे नेता येत नाही. आधीच्या दिवसांबद्दल फार तर ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार ताप २ जुलैपासून’ असे लिहिता येते. तपासणीत दिसलेली स्थिती त्याला पुष्टी देत असेल तर तेही नोंदवता येते. पण डॉक्टरांनी स्वतः पाहिलेले आणि रुग्णाने सांगितलेले, यांत सरमिसळ करायची नसते. खोटा, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला दिल्याचे सिद्ध झाले तर वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून डॉक्टरचे नाव काढले जाऊ शकते, अशी तरतूद त्याच आचारसंहितेत आहे. कायद्याने आवश्यक ठरवलेला दाखला जाणूनबुजून खोटा देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली गुन्हा आहे. तो खोटा आहे हे माहीत असून वापरणाऱ्यासाठी लगेच पुढचे, २३५वे कलम आहे.

दाखला मिळाला म्हणजे रजा मिळाली, ही समजूत मात्र नियमांना मान्य नाही. केंद्राच्या रजा नियमांत स्पष्ट म्हटले आहे की वैद्यकीय दाखल्यामुळे रजेचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. डॉक्टर शिफारस करतात, मंजुरी सक्षम प्राधिकारी देतो. त्याला शंका आली तर तो दुसरे वैद्यकीय मत मागवू शकतो आणि ते देणारा सरकारी वैद्यकीय अधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दर्जापेक्षा खालचा चालत नाही. हे दुसरे मत आजार आहे का आणि शिफारस केलेले इतके दिवस खरोखर लागतील का, या दोन्ही मुद्द्यांवर द्यावे लागते. पण दुसरी तपासणी शक्य तितक्या लवकर व्हायला हवी. विषमज्वराचा रुग्ण महिन्याभराने शल्यचिकित्सकासमोर उभा केला, तर त्यांना एक बरा झालेला माणूस दिसणार, एवढेच. तेव्हा संशय असेल तर तो रुग्ण अंथरुणात असतानाच व्यक्त करावा लागतो. रुजू झाल्यावर महिनाभराने काढलेली शंका बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी रागातून आलेली असते.

रजा मंजूर झाली की हिशेब होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यात दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दहा-दहा दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, म्हणजे वर्षाला २०. वैद्यकीय दाखल्यावर तिचे पूर्ण पगाराच्या रजेत रूपांतर करता येते, त्याला परिवर्तित रजा म्हणतात. मात्र एका दिवसाच्या परिवर्तित रजेसाठी खात्यातून दोन दिवस कापले जातात. राज्य सरकारच्या १९८१च्या रजा नियमांतही अर्धवेतनी आणि परिवर्तित रजेचे हेच नाते आहे. आपल्या लिपिकाच्या खात्यात १ जुलैची भर धरून १६० दिवस असतील, तर त्याला जास्तीत जास्त ८० दिवस परिवर्तित रजा मिळू शकते. त्याला हवे आहेत १९ दिवस, म्हणून कपात ३८ आणि शिल्लक १२२.

पण ही शिल्लक ‘फिट’च्या तारखेवर अवलंबून आहे आणि नेमकी हीच गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आजारपणाच्या रजेला जोडून येणाऱ्या सुट्यांचा नियम असा: ज्या दिवशी माणूस आजारी असल्याचे प्रमाणित होते, त्याच्या लगेच आधीच्या सुट्या रजेत धरल्या जात नाहीत. ज्या दिवशी तो तंदुरुस्त असल्याचे प्रमाणित होते, तो दिवस सुटीचा असेल तर तो आणि त्याला लागून पुढे येणाऱ्या सुट्याही रजेत धरल्या जात नाहीत. मात्र तंदुरुस्तीच्या दिवसाआधीच्या सुट्या रजेतच मोजल्या जातात. आपला लिपिक सोमवारी, ७ तारखेला आजारी ठरला, म्हणून ५ आणि ६ हे शनिवार-रविवार सुटले. त्याची विश्रांती शुक्रवारी, २५ जुलैला संपते. तो शनिवारी, २६ तारखेला दवाखान्यात गेला, तपासणी झाली आणि त्याच दिवशीचा तंदुरुस्तीचा दाखला मिळाला, तर २६ आणि २७ रजेबाहेर राहतात आणि रजा १९ दिवसांचीच होते. ‘सोमवारी ऑफिसला जाता जाता घेऊ’ असे म्हणून तो २८ तारखेला दवाखान्यात गेला, तर मधला शनिवार-रविवार रजेत जातो. रजा २१ दिवस, कपात ४२, शिल्लक ११८. प्रकृती तीच, हजर होण्याचा दिवसही तोच, पण चार दिवस कमी झाले. यावर उपाय म्हणून सोमवारी जाऊन शनिवारची तारीख टाकून घेणे हा मात्र मागच्या तारखेचा तोच गुन्हा झाला.

तंदुरुस्तीचा दाखला, केंद्राच्या नियमांतला ‘नमुना ५’, हा पहिल्या दाखल्याइतकाच महत्त्वाचा आहे. वैद्यकीय कारणाने रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याला तो सादर केल्याशिवाय रुजू होता येत नाही. त्यात नुसते ‘बरा झाला’ असे लिहून भागत नाही. ज्या मूळ दाखल्यांवर रजा दिली किंवा वाढवली, ते आपण पाहिले आणि निर्णय घेताना विचारात घेतले, असेही डॉक्टरांना प्रमाणित करावे लागते. म्हणून ‘फिट’ घ्यायला जाताना आधीचे दोन्ही दाखले किंवा त्यांच्या साक्षांकित प्रती बरोबर न्याव्या लागतात.

तंदुरुस्त म्हणजे कशासाठी तंदुरुस्त, याबाबत आपला नमुना मुका आहे. २६ जुलैला आपल्या लिपिकाला ताप नाही, भूक लागते आहे, जिना चढताना थोडा दम लागतो. टेबलावर बसून नस्त्या हाताळायला तो तंदुरुस्त आहे. तोच माणूस वसतिगृहाच्या भटारखान्यात स्वयंपाकी असता, तर हाच दाखला धोक्याचा ठरला असता. विषमज्वरातून बऱ्या झालेल्या काहींच्या शौचातून जंतू पुढेही बाहेर पडत राहतात. अन्न हाताळणाऱ्याला कामावर घेण्याआधी त्याच्या शौचाच्या तपासण्या जंतुरहित आल्या पाहिजेत. म्हणजे आजार एक, बरे होणेही एकसारखे, पण तंदुरुस्तीची तारीख कामाप्रमाणे वेगळी. चांगला डॉक्टर म्हणूनच दाखल्यावर सही करण्यापूर्वी ‘काम काय करता’ हे विचारतो. ब्रिटनमध्ये २०१०पासून जो दाखला दिला जातो, त्यात ‘कामासाठी अयोग्य’ याबरोबरच ‘सोयी केल्या तर कामासाठी योग्य असू शकेल’ असा एक मधला पर्याय असतो: हळूहळू तास वाढवणे, कामाच्या स्वरूपात बदल, जागेत सुधारणा. आपल्याकडे ‘हलके काम द्यावे’ असे डॉक्टर कधी कधी हाताने लिहितात, पण नमुन्यात त्याला रकाना नाही आणि कार्यालयात त्याला वाली नाही. कर्मचाऱ्याला नोकरीत असताना कायमचे अपंगत्व आले, तर मात्र २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आड येतो. सरकारी आस्थापनेला त्याला कमी करता येत नाही, त्याच वेतनावर दुसऱ्या योग्य पदावर घ्यावे लागते.

निदान लिहिण्याला आणखी एक बाजू आहे. दाखला आवक शाखेतून जातो, टेबलावर पडतो, चार जण वाचतात. टायफॉइड लपवण्यासारखा नाही. पण नैराश्य, गर्भपात किंवा मूळव्याधीची शस्त्रक्रिया यांची चर्चा चहाच्या टपरीवर व्हावी, असे कोणाला वाटणार? एचआयव्हीबाबत २०१७च्या कायद्याने कोणालाही आपली स्थिती उघड करायची सक्ती करता येत नाही. त्यातही संमती आणि न्यायालयाचा आदेश हे अपवाद आहेत. इतर आजारांसाठी सरकारी नमुना निदान मागतो आणि ते टाळता येत नाही. ‘शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती’ अशी खरी पण मोघम शब्दरचना करून डॉक्टर काही वेळा वाट काढतात. जर्मनीत मालकाला फक्त आजारपणाच्या तारखा कळतात, निदान आरोग्य विमा कंपनीपुरतेच राहते. आपल्याकडे बंद लिफाफ्यात दाखला पाठवण्याची सोय कोणी नाकारलेली नाही, पण ती मागणारेही थोडे.

खासगी नोकरीत चित्र बदलते. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दिवसांच्या प्रमाणात भरपगारी रजा आहे. आजारपणाची वेगळी रजा नाही, ती कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर. राज्य कामगार विमा योजनेखालच्या कामगाराला मात्र दाखल्यावर थेट पैसे मिळतात, म्हणून तिथले दाखले जास्त काटेकोर असतात. विमा वैद्यकीय अधिकारी पहिला दाखला देतो, आजार लांबला तर साधारण आठवड्या-आठवड्याने मधले दाखले आणि बरे झाल्यावर अंतिम दाखला. वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर वेतनाच्या ७० टक्के दराने, लागोपाठच्या दोन लाभ-सहामाह्यांत मिळून ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळतो. पहिले दोन दिवस सहसा बिनपैशाचे. इथे दाखल्यांमध्ये एका दिवसाची फट पडली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात, कारण दाखला नसलेला दिवस आजारपणाचा दिवस धरला जात नाही.